परदेशी वर्गणीदाराच्या इन्व्हॉइसवर कर कसा लावायचा: जर्मनीतल्या दोन ग्राहकांचं उदाहरण

तुम्ही एखादं ऑनलाइन सॉफ्टवेअर किंवा आधीच रेकॉर्ड केलेला कोर्स महिन्याच्या वर्गणीवर विकता आणि परदेशातून पहिले ग्राहक यायला लागले आहेत, असं धरून हा लेख लिहिला आहे. माल बोटीने पाठवला की वाटेत कस्टम्स लागतं आणि कर तिथे वसूल होतो. डिजिटल सेवेच्या वाटेत असा कोणताच नाका नसतो. म्हणून बऱ्याच देशांनी नियम केला, की ग्राहक जिथे राहतो तिथला उपभोग कर विक्रेत्याने स्वतः गोळा करायचा आणि त्या देशाला भरायचा. कुठे याला व्हॅट म्हणतात, कुठे जीएसटी, पण गाभा एकच आहे.

सगळ्या देशांचे नियम एका लेखात मावणार नाहीत. म्हणून मी युरोपीय संघाचं उदाहरण घेतो. तिथले नियम सगळ्यात तपशीलवार लिहिलेले आहेत आणि ते नीट कळले की इतर देशांचे वाचणं सोपं जातं. शेवटाकडे जपान येईल, कारण तिथे एक गोष्ट नेमकी उलटी आहे.

उदाहरणातला विक्रेता युरोपीय संघाबाहेरचा आहे. त्याचे दोन ग्राहक जर्मनीत आहेत: एक कोलोनमध्ये राहणारी व्यक्ती आणि एक हॅम्बुर्गमधली कंपनी. सेवा तीच, महिना तोच, देशही तोच. तरी दोघांची इन्व्हॉइस वेगळी निघतात, आणि ती का वेगळी निघतात हे समजलं की विषयाचा अवघड भाग मागे पडतो.

सुरुवातीला: विक्रेता नक्की कोण?

अ‍ॅप स्टोअरवरून वर्गणी विकत असाल, किंवा तुमच्या वतीने विक्री करणाऱ्या एखाद्या मध्यस्थ सेवेमार्फत विकत असाल, तर ग्राहकाला मिळालेली पावती उघडून बघा. विक्रेता म्हणून त्यांचं नाव असेल, तर ग्राहकाकडून कर घेण्याची आणि भरण्याची जबाबदारी साधारणपणे त्यांची असते. युरोपीय संघात अ‍ॅप स्टोअरसारख्या मध्यस्थालाच विक्रेता धरण्याचा नियम आहे. तुमचं इन्व्हॉइस मग त्या मध्यस्थाच्या नावे निघतं, ग्राहकाच्या नाही.

तुमच्या स्वतःच्या साइटवरून कार्डाने पैसे घेत असाल, तर विक्रेता तुम्ही. पेमेंट गेटवे फक्त पैसे पोचवतो. गेटवेच्या सेटिंगमध्ये कर मोजण्याची सोय असली, तरी त्यामुळे कुठल्याही देशात तुमची नोंदणी झालेली नसते. नवखे लोक इथे फार अडकतात. ते बटण सुरू करतात, इन्व्हॉइसवर कर दिसायला लागतो, पण तो भरायला लागणारं खातं कुठेच उघडलेलं नसतं. युरोपीय नियमानुसार जो इन्व्हॉइसवर व्हॅट दाखवतो, तो ती रक्कम सरकारला देणं लागतो. त्यामुळे नोंदणी आधी, बटण नंतर.

पहिली पायरी: ग्राहकाचा देश ठरवा, आणि पुरावा ठेवा

ग्राहकाने फॉर्ममध्ये देश निवडला, एवढ्यावर युरोपीय संघात भागत नाही. ग्राहक कुठला हे दाखवणाऱ्या, एकमेकांशी जुळणाऱ्या दोन गोष्टी तुमच्याकडे हव्यात. बिलिंगचा पत्ता, आयपी पत्ता, कार्ड किंवा बँक खातं ज्या देशातलं आहे तो देश, मोबाइलच्या सिमकार्डातला देशाचा कोड, अशा गोष्टी पुरावा म्हणून चालतात.

कोलोनची आपली ग्राहक सुट्टीवर स्पेनला गेली आहे आणि हॉटेलच्या वायफायवरून वर्गणी घेते, असं समजा. आयपी पत्ता स्पेन सांगतो. तिने लिहिलेला पत्ता जर्मनीतला आहे आणि कार्डही जर्मन बँकेचं आहे. दोन गोष्टी जर्मनीकडे बोट दाखवतात, म्हणून कर जर्मनीचा, 19 टक्के. पत्ता जर्मनीचा, पण आयपी आणि कार्ड दोन्ही फ्रान्सचे असते, तर पैसे घेण्याआधी तिला विचारणं भाग होतं, कारण फ्रान्सचा दर 20 टक्के आहे आणि नंतर तो एक टक्का तिच्याकडून मागता येत नाही.

हे पुरावे पैसे घेण्याच्या क्षणीच त्या व्यवहाराशी जोडून साठवा. कार्डाचा देश गेटवेकडून मिळतो, पण आयपी पत्ता त्या वेळी जपला नाही तर पुन्हा मिळत नाही. तिसऱ्या पायरीत येणाऱ्या एकत्रित नोंदणीच्या योजनेत या नोंदी 10 वर्षं ठेवाव्या लागतात.

पत्त्यात देशापाठोपाठ पिनकोडही मागा. त्याचं कारण स्पेनमध्येच आहे. कॅनरी बेटं स्पेनची आहेत, पण युरोपीय व्हॅटच्या हद्दीबाहेर आहेत. पिनकोड 35 किंवा 38 ने सुरू होत असेल तर ग्राहक त्या बेटांवरचा आहे आणि त्याला स्पेनचा 21 टक्के व्हॅट लावायचा नाही. नुसता ‘स्पेन’ बघून कर लावणारी यंत्रणा इथे दर वेळी चुकते.

दुसरी पायरी: ग्राहक व्यक्ती आहे की व्यवसाय?

देश कळला की दर कळतो. कर कोणी भरायचा हे मात्र या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. ग्राहक खासगी व्यक्ती असेल, तर कर विक्रेता गोळा करतो. ग्राहक व्हॅटसाठी नोंदलेला व्यवसाय असेल, तर विक्रेता कर घेत नाही. ग्राहक स्वतःच्या विवरणपत्रात तो दाखवतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात.

आता व्यवसाय आहे हे ओळखायचं कशावरून? कंपनीच्या नावावरून नाही, ईमेलच्या पत्त्यावरून तर नाहीच. ग्राहकाचा व्हॅट क्रमांक मागायचा आणि युरोपीय आयोगाच्या VIES या साइटवर तपासायचा. जर्मनीचा क्रमांक DE आणि पुढे 9 अंक असा असतो. साइट क्रमांक वैध आहे की नाही ते सांगते. जर्मनीच्या बाबतीत ती मालकाचं नाव आणि पत्ता दाखवत नाही, त्यामुळे तिथे ‘वैध’ एवढंच उत्तर मिळेल. त्यावर समाधान मानून, तपासल्याची तारीख आणि निकाल जपून ठेवायचा.

ग्राहक क्रमांक देत नसेल, तर डिजिटल सेवा विकणाऱ्याला त्याला व्यक्ती धरून कर लावण्याची मुभा नियमातच आहे. ‘आमची कंपनी आहे, क्रमांक नंतर पाठवतो’ असं सांगणाऱ्याला मी तरी आधी कर लावूनच इन्व्हॉइस देईन. क्रमांक आल्यावर ते दुरुस्त करता येतं. कर न लावता इन्व्हॉइस दिलं आणि क्रमांक आलाच नाही, तर तो कर तुमच्या खिशातून जातो.

फॉर्म तयार करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. ग्रीसचा देशाचा कोड पत्त्यात GR असतो, पण व्हॅट क्रमांक EL ने सुरू होतो. दोन्ही कोड सारखेच हवेत असं फॉर्ममध्ये बांधून टाकलं, तर ग्रीसमधल्या प्रत्येक खऱ्या कंपनीचा क्रमांक नाकारला जातो, आणि ती कंपनी बिचारी कर भरून मोकळी होते किंवा निघून जाते. ब्रिटनचे GB ने सुरू होणारे क्रमांकही आता VIES वर सापडत नाहीत. ब्रिटन वेगळा देश म्हणूनच हाताळावा लागतो.

तिसरी पायरी: एकाच देशात नोंदणी

27 देशांत 27 नोंदण्या कराव्या लागत नाहीत. युरोपीय संघाबाहेरच्या विक्रेत्यासाठी वन स्टॉप शॉप ही योजना आहे. संघातला कुठलाही एक देश निवडून तिथे ऑनलाइन नोंदणी करायची. EU ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. मग सगळ्या देशांतल्या खासगी ग्राहकांकडून घेतलेला कर दर तिमाहीला एकाच विवरणपत्रात देशवार दाखवायचा आणि एकाच जागी भरायचा. जानेवारी ते मार्चचा हिशेब 30 एप्रिलपर्यंत, अशी मुदत तिमाही संपल्यानंतरच्या महिनाअखेरीची असते. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र द्यावंच लागतं.

संघातल्या विक्रेत्यांना वर्षाला 10,000 युरोपर्यंतच्या परदेशी विक्रीला सूट आहे, हे वाचून अनेक जण निर्धास्त होतात. ती सूट संघाबाहेरच्या विक्रेत्याला नाही. त्याच्यासाठी पहिल्या खासगी ग्राहकापासूनच कर लागू होतो.

हॅम्बुर्गच्या कंपनीसारखे रिव्हर्स चार्जचे व्यवहार या विवरणपत्रात जात नाहीत. ते तुमच्या स्वतःच्या हिशेबात वेगळे ठेवायचे.

चौथी पायरी: किंमत करासहित की करावेगळी?

कोलोनच्या ग्राहकाला साइटवर ‘महिन्याला 20 युरो’ दिसलं. खासगी ग्राहकाला दाखवायची किंमत करासहितच हवी, म्हणजे या 20 मध्येच कर आहे. इथे पुष्कळ जण 20 चे 19 टक्के काढून 3.80 लिहितात. ते चूक आहे. 20 ही रक्कम 119 भागांची आहे आणि त्यातले 19 भाग कराचे आहेत:

```
कर = 20 × 19 ÷ 119 = 3.19
निव्वळ = 20 − 3.19 = 16.81
```

तेच 20 युरो हंगेरीतल्या ग्राहकाने दिले तर दर 27 टक्के, कर 4.25 आणि तुमच्या हाती 15.75. लक्झेंबर्गमध्ये दर 17 टक्के, कर 2.91 आणि हाती 17.09. म्हणजे सगळीकडे एकच गोल किंमत ठेवली की फरक तुमच्या कमाईतून जातो. देशागणिक किंमत बदलली तर फरक ग्राहकाच्या खिशातून जातो. दोन्ही चालतं, पण महिन्याच्या वर्गणीला मी एकच किंमत ठेवणं पसंत करेन. जाहिरातीत, साइटवर आणि कार्डाच्या नोंदीत एकच आकडा दिसला की ग्राहकाच्या तक्रारी येत नाहीत.

कंपनीच्या बाबतीत मात्र हीच 20 ची किंमत गोंधळ करते. रिव्हर्स चार्ज लागल्यावर तिने 20 द्यायचे की 16.81? काही यंत्रणा 20 च घेतात आणि कर शून्य दाखवतात. मग कंपनी विचारते, की कर नाही तर रक्कम कमी का झाली नाही. म्हणून कंपन्यांसाठी वेगळी, करावेगळी किंमत जाहीर करणं उत्तम. आपल्या उदाहरणात ती ‘17 युरो अधिक व्हॅट’ आहे. हॅम्बुर्गच्या कंपनीने वैध क्रमांक दिला तर ती 17 देते. नाही दिला, तर 17 वर 3.23 कर लागून 20.23 होतात.

पाचवी पायरी: इन्व्हॉइस

कोलोनच्या ग्राहकाचं इन्व्हॉइस असं दिसेल:

```
Invoice 2025-0417        3 May 2025
Köln, Germany
Monthly plan, 3 May – 2 Jun 2025
Net                  16.81 EUR
VAT Germany 19 %      3.19 EUR
Total                20.00 EUR
Supplier VAT ID: EU…
```

करापुढे दराबरोबर देशाचं नावही लिहिलं आहे. नियम तसं सांगतो म्हणून नव्हे, तर तिमाहीचं विवरणपत्र देशवार भरायचं असतं म्हणून. सहा महिन्यांनी ‘VAT 25 %’ एवढंच लिहिलेलं इन्व्हॉइस हाती आलं, तर ते डेन्मार्कचं की स्वीडनचं हे कळत नाही. वर्गणीचा कालावधीही लिहा. परतावा द्यायची वेळ आली की कुठल्या महिन्याचे पैसे परत करायचे हे त्यावरूनच ठरतं.

हॅम्बुर्गच्या कंपनीचं:

```
Invoice 2025-0418        3 May 2025
Hamburg, Germany
Customer VAT ID: DE…
Business plan, 3 May – 2 Jun 2025
Net                  17.00 EUR
VAT                   0.00 EUR
Total                17.00 EUR
Reverse charge
```

शेवटची ओळ आणि ग्राहकाचा क्रमांक या दोन गोष्टींवर हे इन्व्हॉइस उभं आहे. संघातल्या विक्रेत्यांना तर ‘रिव्हर्स चार्ज’ हे शब्द लिहिण्याची सक्तीच आहे. बाहेरच्या विक्रेत्यानेही ते लिहावेत, कारण कंपनीचा हिशेबनीस नेमकं तेच शोधत असतो. कराची रक्कम 0.00 दिसली, तरी दर म्हणून ‘VAT 0 %’ किंवा ‘करमुक्त’ असं लिहू नका. या सेवेवर कर आहेच, फक्त तो भरणारा बदलला आहे. हॅम्बुर्गची कंपनी स्वतःच्या विवरणपत्रात 17 वर 3.23 युरो देय कर म्हणून दाखवते आणि हक्क असेल तर तेवढीच रक्कम त्याच विवरणपत्रात वजा करते.

तुम्ही चुकून तिच्याकडून 3.23 घेतले, तर तिचं काम सोपं होत नाही, उलट अडतं. जो कर मुळात तुम्ही लावायचाच नव्हता, तो तिला वजा करता येत नाही. ती तुमच्याकडेच परत येणार.

चूक दुरुस्त करताना

सगळ्यात जास्त वेळा घडणारा प्रसंग असा: कंपनीने मे महिन्यात क्रमांक न देता 20.23 भरले आणि जूनमध्ये वैध क्रमांक पाठवला. जुनं इन्व्हॉइस उघडून त्यातला आकडा बदलायचा नाही. जुन्या इन्व्हॉइसचा क्रमांक लिहून तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट काढायची, मग 17 युरोचं रिव्हर्स चार्जचं नवं इन्व्हॉइस द्यायचं आणि 3.23 परत करायचे. दोन्ही गोष्टी एकाच तिमाहीत झाल्या तर विवरणपत्रात काही वेगळं करावं लागत नाही. मधे विवरणपत्र भरून झालं असेल, तर दुरुस्ती पुढच्या विवरणपत्रात, जुन्या तिमाहीचा आणि देशाचा उल्लेख करून दाखवता येते. त्यासाठी 3 वर्षांची मुदत आहे.

अर्धवट परतावा देताना करही त्याच प्रमाणात परत जातो. कोलोनच्या ग्राहकाला 10 युरो परत केले तर त्यात 1.60 कर आणि 8.40 निव्वळ. दर मात्र मूळ इन्व्हॉइसवरचाच वापरायचा. एस्टोनियाने 1 जुलै 2025 पासून व्हॅट 22 वरून 24 टक्के केला. जूनच्या वर्गणीचा परतावा जुलैमध्ये दिला, तरी क्रेडिट नोटवर 22 टक्केच येतात. आजच्या दराने मोजणारी यंत्रणा इथे सरकारकडून दोन टक्के जास्त परत मागते, आणि तिमाहीच्या बेरजेत काही सेंटांचा न जुळणारा फरक दिसला की कारण बहुधा हेच असतं.

जपान: जिथे कंपनीलाही कर लागतो

युरोपची सवय झाली की वाटतं, ग्राहक कंपनी असेल तर कर लावायचाच नाही. जपानमध्ये हे खरं नाही. तिथे परदेशी डिजिटल सेवांवर 1 ऑक्टोबर 2015 पासून उपभोग कर आहे आणि सध्याचा दर 10 टक्के आहे. रिव्हर्स चार्ज तिथेही आहे, पण ज्या सेवा स्वरूपानेच किंवा कराराच्या अटींमुळे फक्त व्यवसायांसाठी आहेत, त्यांनाच तो लागतो. जाहिरात प्रसारित करणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. जी वर्गणी कोणीही साइटवर जाऊन घेऊ शकतो, ती टोकियोतल्या कंपनीने घेतली तरी नोंदणीकृत विक्रेत्याने तिला 10 टक्के कर लावायचा असतो. म्हणजे जपानमध्ये आधी सेवेचं स्वरूप बघायचं, ग्राहकाचा क्रमांक नव्हे.

इन्व्हॉइसवर मग विक्रेत्याचा क्रमांक येतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून तिथे पात्र इन्व्हॉइसची पद्धत सुरू झाली. नोंदणी क्रमांक T आणि पुढे 13 अंक असा असतो. तो नसेल तर जपानी कंपनीला तुमच्या वर्गणीवरचा कर वजा करता येत नाही, म्हणून तिथल्या कंपन्या वर्गणी घेण्याआधीच हा क्रमांक विचारतात. 2,000 येनच्या करासहित वर्गणीत कर 2,000 × 10 ÷ 110, म्हणजे 181.8 येन होतो. येनमध्ये अपूर्णांक नसतो, त्यामुळे 181 किंवा 182 लिहायचं. कुठली पद्धत वापरायची ते तुम्ही ठरवा. पण अपूर्णांक काढून टाकण्याचं काम एका इन्व्हॉइसवर प्रत्येक दरासाठी एकदाच, एकूण रकमेवर करायचं. प्रत्येक ओळीवर वेगळं केलं तर ते इन्व्हॉइस नियमाला धरून राहत नाही.

तिमाही संपताना

वर्गणी डॉलरमध्ये घेत असाल तर इन्व्हॉइसवर कर डॉलरमध्ये दिसतो, पण युरोपचं विवरणपत्र युरोमध्ये भरायचं असतं. त्यासाठी तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर वापरायचा. प्रत्येक विक्रीच्या दिवसाचा नाही. त्यामुळे तुमच्या हिशेबाच्या वहीतल्या रकमेत आणि विवरणपत्रातल्या रकमेत थोडा फरक राहणं स्वाभाविक आहे.

पैसे भरण्याआधी मी एक पडताळणी न चुकता करायला सांगेन. देशवार यादी काढा आणि प्रत्येक देशाच्या कराला निव्वळ रकमेने भागा. जर्मनीच्या ओळीत उत्तर 0.19 च्या अगदी जवळ यायला हवं. ते 0.18 किंवा 0.17 आलं, तर त्या यादीत कुठेतरी रिव्हर्स चार्जची इन्व्हॉइस मिसळली आहेत. 0.235 च्या आसपास आलं, तर कोणीतरी करासहित किमतीवर थेट 19 टक्के लावले आहेत, 3.80 ला 16.20 ने भागलं की हाच आकडा येतो.

तुमच्या स्वतःच्या देशात ही विक्री निर्यात म्हणून दाखवण्याच्या अटी वेगळ्या असतात. पैसे परदेशी चलनात आल्याचा पुरावा बऱ्याच ठिकाणी मागतात, म्हणून बँकेची नोंद त्या त्या इन्व्हॉइसच्या क्रमांकासोबतच ठेवा.